आधी पांढरं, मग रंगीत

मायनं मला आयुष्यात एकच पत्र लिहिलं, आणि ते सगळं कापडांबद्दल होतं. अभ्यास कर, नाव काढ, जपून राहा, असलं त्यात काहीच नव्हतं. वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि सगळ्यात परकर, नाड्या, साबण, पाणी.

मी तेव्हा नांदेडात मावशीकडं राहून बारावी झाले होते. माय धाकटीला घेऊन अर्धापूरजवळच्या आमच्या गावात होती. वडील वारल्यापासून ती केळीच्या बागांत रोजानं जायची. मला लातूरला डीएडला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षं काढली की शाळेत नोकरी, एवढं सरळ गणित त्या काळी होतं, आणि आमच्या घरात त्याशिवाय दुसरं गणितच नव्हतं. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मावशीचे यजमान अजूनही ‘उस्मानाबाद जिल्ह्यात चाललीस’ असंच म्हणायचे.

गाव काही लांब नव्हतं, मायला येऊन सांगता आलं असतं. पण मावशीचं घर म्हणजे एक खोली आणि एक पडवी, त्यात पुरुषमाणूस बसलेलं. मायला जे सांगायचं होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून तिनं गावातल्या एका बाईबरोबर कपड्यांचं गाठोडं पाठवलं, आणि गाठोड्याच्या अगदी आत, पांढऱ्या परकराच्या घडीत, पत्र. माय चौथी शिकलेली. अक्षर मोठं, एकेक अक्षर बसून कोरल्यासारखं. जशी बोलायची तशीच लिहायची.

ते पत्र माझ्याजवळ आहे. सगळं देत नाही, जेवढं लागेल तेवढं देते.

‘बाई, तुझ्या कागदात लिवलंय की पाठाच्या दिवशी पांढरी साडी, निळा काठ. म्या दोन घेतल्या. सुती घेतली न्हाई. सुतीला खळ लागती, इस्तरी लागती, आन धुयाला दोन बादल्या पाणी लागतं. टेरिकाटला एका बादलीत भागतं, झटकून वाळू घातली की इस्तरी बी लागत न्हाई. पर आतलं समदं सुती घेतलंय. टेरिकाट अंगाला लागलं की घामानं पुरळ येतंय, मांड्या खरचटत्यात. आत सुती, वर टेरिकाट, हे ध्यानात ठेव.

‘पांढऱ्या साडीखाली पांढराच परकर. दोन शिवलेत मांजरपाटाचे. कापड आधी रातभर भिजवून आटवून घेतलंय, म्हणून आता आखूड व्हायचे न्हाईत. पोलक्याला दोन्ही बगलांला दोन-दोन बोटं माया सोडलीय. तिथं खाऊन अंगात भरलीस तर उसवून घे. न्हाई भरलीस तर मला कळव.’

‘न्हाई भरलीस तर मला कळव’ हे वाक्य वाचून मी तेव्हा हसले होते. मावशीला वाचून दाखवलं तर ती हसली नाही.

पुढं रंगवलेल्या परकरांचं होतं. ते नीट सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडकलं.

केळीचा घड कापला की दांड्यातून चीक गळतो. बाया घड डोक्या-खांद्यावर वाहतात, तो चीक पदरावर, पोलक्यावर ठिबकतो. लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतसुद्धा नाही. कपडा वाळला, साबण लागला, की तपकिरी होतो, मग काळा. तो डाग कशानंच जात नाही. आमच्या भागात बाईच्या खांद्याकडं बघून सांगता येतं की ही बागेत रोजानं जाते. मायचं एकही लुगडं बिनडागाचं नव्हतं. मला चार-सहा परकर तरी द्यायचे तर नवं कापड घेणं तिला झेपणारं नव्हतं. तिनं आपल्या दोन जुन्या लुगड्यांचे परकर शिवले आणि डाग झाकायला ते जांभळ्या रंगात बुडवले.

‘आधी कापड वलं करून पिळून घेतलं, वाळलेलं टाकलं की रंग पट्ट्यापट्ट्यानं बसतोय. पुडी उकळत्या पाण्यात, त्यात मूठभर खडे मीठ, आन काठीनं अर्धा तास हालवत बसले. पर बाई, रंग दिल्यावर पाणी निवळ येस्तवर काढावं लागतं, धा-बारा पाण्यांतून. कालव्याला पाणी सुटलं न्हाई औंदा. हिरीचा तळ लागलाय. म्या चार पाण्यांतूनच काढले. म्हणून पहिली पाच-सा धुणी ते परकर अलग धू. पांढऱ्याच्या जवळ बी नेऊ नको. रंग जरा सुटंल, मग बसंल.’

मग महिन्याच्या कापडांचं. मऊ झालेल्या सुती लुगड्याचे आठ तुकडे, कडा शिवलेले. आधी गार पाण्यात, गरम पाणी कधीच नाही, गरम पाण्यानं डाग पक्का होतो. मग साबण. उन्हात वाळव, लाज वाटली तर वरून परकर टाक, पण अंधारात, ट्रंकेमागं वाळवू नको, आजार होतो. हे सगळं तिनं इतक्या साधेपणानं लिहिलं होतं की आज वाचतानाही मला तिच्या त्या साधेपणाची दाद द्यावीशी वाटते. तोंडानं यातला एक शब्द ती बोलली नसती.

टॉवेल नको, पंचा घे. टॉवेलला पाणी फार लागतं आणि तो पावसाळ्यात वाळत नाही. नाड्या चार जास्तीच्या. ट्रंकेत लिंबाचा पाला. आणि शेवटच्या पानावर हे:

‘हास्टेलात समद्यांची कापडं एकाच दोरीवर असत्यात, अदलाबदल व्हती. पोरी कापडावर नाव टाकत्यात. तू नाव टाकू नको. आडनाव तर बिलकूल नको. आडनाव वाचून कापडं बाजूला काढायला लोकांला येळ लागत न्हाई. म्या परत्येक कापडाला आतून काठाजवळ लाल दोऱ्याचे दोन टाके घातलेत. तुझं तुला वळखू येईल. दुसऱ्याला कळायचं कारण न्हाई.’

आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला, गळ्यातलं जुनं सगळं काढून फेकलं आणि पोरांना शाळेत घातलं. माय त्या घरात वाढलेली. ती कुणापुढं वाकायची नाही, बागवाल्यालाही तोंडावर उत्तर द्यायची. तरी तिला कपड्यावरचं आडनाव किती महाग पडू शकतं हे माहीत होतं. मी सतरा वर्षांची, शहाणी, बारावी झालेली. मला वाटलं, मायला काय कळतंय, आता असलं काही राहिलेलं नाही. असं वाटण्याचं ते वयच असतं, दुसरं काय.

जुलैत मी लातूरला गेले. वसतिगृह म्हणजे दुमजली भाड्याची इमारत, खाली न्हाणीघरं, मागं दगडी फरशी, तिथं धुणं. खोलीत आम्ही चौघी. माझ्या शेजारच्या कॉटवर निलंग्याकडची एक मुलगी होती. घरी बागायत शेती, स्वभावानं मोकळी, हसरी. पहिल्याच दिवशी तिनं तिळाची चटणी माझ्या ताटात वाढली. तिच्या बोलण्यात मधूनच कानडी यायचं, मग तीच हसायची. बाकी दोघी सावत्र बहिणींसारख्या एकमेकींवर चिडून असायच्या, पण आमच्या दोघींचं चांगलं जमलं. हे मुद्दाम सांगते आहे. ती वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

पावसानं त्या वर्षी नुसतं तोंड दाखवलं आणि गेला. तरी दिवाळीपर्यंत दोन-दोन बादल्या मिळायच्या, ज्याचं त्यानं धुवायचं. मी मायच्या पत्राप्रमाणं चालले. जांभळे परकर अलग धुतले. पहिल्या धुण्याला पाणी शाईसारखं झालं, दुसऱ्याला जरा कमी, चौथ्याला गुलाबीसर. पांढऱ्या साड्या आधी साबणात, मग दोन पाण्यांतून, शेवटच्या पाण्यात चिमटीभर नीळ. नीळ आधी वाटीत कालवून कपड्यातून गाळून घ्यायची, नाहीतर ठिपके पडतात. माझ्या साड्या खोलीत सगळ्यांत पांढऱ्या होत्या. निलंग्याची म्हणायची, ‘तुझ्या मायला विचारून मला बी एक पत्र मागव.’

दिवाळीनंतर बोअर आटला आणि टँकर सुरू झाला. माणशी एक बादली. संक्रांतीनंतर एक दिवसाआड एक. त्यात अंघोळ, त्यातच धुणं. आणि ते टँकरचं पाणी कुठल्या कुठल्या बोअरचं, इतकं जड की साबणाला फेस येत नसे, नुसता चोथा पाण्यावर तरंगायचा. पाच वारी साडी अर्ध्या बादलीत नीट निघत नाही. साबण धाग्यात अडकून राहतो, वाळली की कपडा पिवळा पडतो, वर इस्त्री फिरवली तर भाजल्यासारखा डाग उमटतो.

यावर सगळ्या वसतिगृहानं एक तोड काढली होती. खोलीतल्या चौघींनी बादल्या एकत्र करायच्या. एकीत साबण, उरलेल्या तिन्हींत खळबळणं. आधी चौघींचं पांढरं, मग फिकं रंगीत, मग गडद, मग पायपुसणी, आणि उरलेलं पाणी संडासात. चार बादल्यांत चौघींचं धुणं निघायचं. खरंच हुशारीची रीत होती. पाण्याचा एक थेंब वाया जात नसे.

पहिल्या रविवारी मी माझी बादली नेऊन ठेवली आणि साडी पाण्यात टाकायला वाकले. निलंग्याची माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘तुझं मागून टाक ना.’

‘पांढरी हाय की.’

‘हाव, पण तुझ्या कापडांचा रंग सुटतोय. त्या जांभळ्याचा. बघितलंय आम्ही.’

‘परकर कुठं टाकून राहिले मी? साडी टाकते.’

ती साबण घासू लागली. दुसऱ्या दोघींपैकी एक म्हणाली, ‘अगं, तुझं काय, तुला चालतंय. घे की मागून.’

‘तुला चालतंय’ या दोन शब्दांत सगळं होतं. मी साडी परत काखेत मारली आणि बाजूला उभी राहिले. तिघींचं पांढरं झालं. मग तिघींचं फिकं. मग तिघींचं गडद, एकीचा चॉकलेटी, एकीचा मोरपंखी. मग मला सांगितलं, आता टाक. माझी पांढरी साडी मी त्या राखाडी, तेलकट पाण्यात टाकली, ज्यात माझ्या बादलीचंही पाणी होतं.

त्या दिवशी मी भांडायला हवं होतं. मायनं भांडण केलं असतं, बादली उचलून त्या फरशीवर ओतली असती आणि म्हणाली असती, घ्या आता. मी मुकाट्यानं साडी पिळली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यात बुक्के मारणाऱ्या पोरी आपल्या ताटात चटणी वाढणाऱ्या असल्या, की तोंडही आपणच दाबतो.

त्यानंतर दर रविवारी तेच. मी दोनदा माझी बादली वेगळी ठेवून बघितली. एका बादलीत दोन साड्या, दोन पोलकी, परकर. साबण काही केल्या निघेना, साड्या पिवळट पडल्या आणि चार दिवस बिनअंघोळीचं राहावं लागलं. महिन्याची कापडं तर धुवायला पाणीच नसे. ती मी ट्रंकेमागं ओली लपवू लागले, मायनं जे करू नको म्हटलं होतं तेच. फेब्रुवारीत अंगावर फोड आले, त्याचं कारण कुणाला सांगायचं?

एका संध्याकाळी खोलीत दोघीच होतो. मी निलंग्याच्या मुलीला सरळ विचारलं, ‘खरं सांग, रंगाचंच हाय का?’

ती कपड्यांची घडी करत होती. हातातली घडी मोडून तिनं पुन्हा घातली. मग म्हणाली, ‘माझ्या आईनं निघताना सांगितलंय. जेवण-खाण चालंल, पण पाण्याचं बघ म्हणाली. पाणी आपलं आपलं.’ मग एकदम रडायला लागली. ‘मला काय वाटतंय ते विचारू नको. मला काहीच वाटत न्हाई गं. पण तिला कळलं तर ती मला इथून घेऊन जाईल.’

तर तिच्याही मायनं तिला सांगून पाठवलं होतं. फक्त लिहून नव्हतं. मी तिचं रडणं बघत बसले. तिला तिचं कॉलेज वाचवायचं होतं, मला माझं. दोघींचं एकाच बादलीत निघत नव्हतं.

आणि मायचे ते लाल टाके. ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण दोन महिन्यांत सगळ्या वसतिगृहाला ते माहीत झाले. दोरीवरून कपडे काढताना पोरी काठ उलटा करून बघायच्या आणि टाके दिसले की कपडा तिथंच राहू द्यायच्या. दुसऱ्या सगळ्यांचे कपडे एकमेकींकडून घडी होऊन खोलीत यायचे. माझे दोरीवर फडफडत राहायचे. चोरीची, अदलाबदलीची भीती अजिबात उरली नाही, एवढा फायदा झाला.

मार्चमध्ये शहरातल्या एका शाळेत माझा सरावाचा पाठ होता. चौथीचा वर्ग, भूगोल, जिल्ह्याचा नकाशा. नवा जिल्हा असल्यामुळं पुस्तकात अजून जुनाच नकाशा होता. मी दोन दिवस खपून मोठ्या कागदावर नवा काढला होता, तालुके वेगवेगळ्या रंगांत. पाठ चांगला चालला होता. मुलं हात वर करून करून बोलत होती. निरीक्षणाला आलेल्या बाई मागं बाकावर वही घेऊन बसल्या होत्या. मध्येच उठून पुढं आल्या आणि माझ्या पदराचं टोक दोन बोटांत धरलं.

‘ही पांढरी साडी आहे?’

साडी करडी होती, काठाच्या निळ्याजवळ जरा जास्तच. त्या वर्गासमोरच म्हणाल्या, ‘शिक्षिकेनं वर्गात असं यायचं? मुलं काय शिकतील तुमच्याकडून? बाकीच्या मुली येतात ना नीट? पाणी सगळ्यांना सारखंच मिळतं ना?’

सारखंच मिळत होतं. माणशी एक बादली. मी काय उत्तर देणार होते? त्या माझ्याकडं बघत उत्तराची वाट पाहत होत्या. खरंच वाट पाहत होत्या, हे मला आता कळतं. मी सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी काही केलं असतं. मी म्हणाले, ‘चूक झाली बाई.’ त्यांनी मला साडी बदलून यायला परत पाठवलं. वर्गातली पोरं हसली नाहीत, एकसारखी बघत राहिली, ते जास्त वाईट होतं.

दुसरी साडी पहिलीपेक्षा वाईट होती. मी गेलेच नाही. पुढच्या आठवड्याच्या दोन पाठांनाही गेले नाही. ठरलेले पाठ पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. कॉलेजची एक चिठ्ठी आली, दुसरी आली. तिसरी यायच्या आत मी ट्रंक भरली आणि एस.टी.त बसले. निलंग्याची मला स्टँडवर पोचवायला आली होती. ट्रंक तिनंच उचलली.

गावात पोचले तेव्हा माय बागेतून आलेली नव्हती. धाकटीनं दार उघडलं आणि ट्रंक बघून तिचं तोंड उतरलं. माय आली, पदरानं तोंड पुसलं, ट्रंकेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

‘सुट्टी हाय?’

‘न्हाई.’

‘मग?’

वाटेत, लोहा गावापासून पुढं, मी खरं सांगायचं ठरवलं होतं. पण मला माहीत होतं की खरं ऐकलं तर ती जेवणारही नाही, पहिल्या गाडीनं मला घेऊन लातूरला जाईल, बाईंच्या टेबलासमोर उभी राहील, त्या तिघींना बोलावून घेईल. आणि मग मला तिथंच राहावं लागेल, त्याच खोलीत, त्याच दोरीखाली. मला परत जायचं नव्हतं. बस, एवढंच कारण. मायचं मन जपायला खोटं बोलले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते, ते खोटं आहे.

मी म्हणाले, ‘त्या जांभळ्या परकराचा रंग सुटला. दोन्ही पांढऱ्या साड्या खराब झाल्या. पाठाला उभं करंनात. वर्ष गेलं माझं.’

वसतिगृहातल्या पोरींनी जे निमित्त मला दिलं होतं, तेच जसंच्या तसं मी मायच्या पदरात टाकलं. आणि मला ठाऊक होतं ते कुठं लागेल. चार पाण्यांतूनच काढले, हे तिनं स्वतःच लिहिलं होतं.

ती हळूच खाली बसली. साडी मागितली. दाराशी नेऊन उजेडात धरली, उलगडली, पूर्ण उलगडली, काठापासून पदरापर्यंत हातातून जाऊ दिली. मग घडी केली. ‘धा पाण्यांतून काढाया पायजे व्हते,’ म्हणाली. ‘शेजारणीकडून मागून आणलं असतं पाणी, तर काय झालं असतं? माझंच चुकलं बाई.’

मी म्हणाले नाही की तुझं चुकलं नाही.

पुढच्या वर्षी परत जातीस का, असं तिनं एकदाच विचारलं. मी नको म्हटलं. मग मीही बागेत जाऊ लागले. दोन वर्षांनी लग्न झालं, पुढं सासरच्या गावात अंगणवाडीत लागले. मायला कुणी विचारलं, मोठी शिकत होती ना, तर ती सांगायची, ‘माझ्या हातानं घालवलं तिचं. रंग दिला, आन पाणी कमी केलं.’ कुणाच्याही समोर सांगायची. सासरच्या माणसांसमोर, शेजारणींसमोर, मी पाच फुटांवर बसलेली असताना. रंगाच्या पुडीला तिनं पुन्हा हात लावला नाही. आपलं डागाचं लुगडं डागासकट नेसत राहिली.

सात वर्षांनी धाकटीचा नंबर परभणीला नर्सिंगला लागला. पांढरा गणवेश. मी माहेरी आले होते. धाकटी विहिरीवर गेली होती, आम्ही दोघी गाठोडं बांधत होतो. पोलकी, परकर, पंचा, सगळं नवं, विकतचं. मी म्हणाले, ‘हिला पत्र न्हाई लिहीत?’

मायनं गाठोड्याची गाठ मारली, तिच्यावर हात ठेवून बसली.

‘म्या काय लिवू? कापडाचं समदं तिला ठावं हाय.’ मग माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘परकराचा रंग निऱ्यांला लागतोय गं. लई झालं तर कमरंला. पदराला लागत न्हाई. धुण्यात लागला असता तर साडी जांभळी झाली असती. ती तर पदरापस्तोर एकसारखी करडी मळली व्हती. म्या डाग वळखत न्हाई व्हय? जल्म गेला माझा.’

मी खाली पडलेली एक नाडी उचलून बोटाला गुंडाळू लागले.

‘तुला सांगायचं नव्हतं, म्हणून म्या इचारलं न्हाई. माझ्यावर घेतलं. पर हिला सांग. काय झालं ते हिला सांग, म्हंजी ती तयारीनं जाईल. मला नगं सांगू, हिलाच सांग.’

धाकटी हंडा घेऊन आली. माय उठून बाहेर गेली, मुद्दाम, आम्हाला दोघींना बोलता यावं म्हणून. ती बाहेर ओट्यावर बसून राहिली, आवाज न करता.

धाकटी म्हणाली, ‘काय गं ताई, काय सांगायचंय?’

मी तिला सांगितलं की नाड्या चार जास्तीच्या घे, आणि टॉवेल नेऊ नको, पंचा ने.